‘सर उद्या येतो ११ ला’ : साखर कारखान्याच्या मुख्य अभियंत्यांकडे भेटीची वेळ कशी मागावी

प्रश्न : माझी भोसरीला पंपदुरुस्तीची छोटी कंपनी आहे. एका सहकारी साखर कारखान्याच्या मुख्य अभियंत्यांना मी व्हॉट्सॲपवर लिहिलं : ‘सर उद्या येतो ११ ला. पंप बघायचेत. असाल ना? नाहीतर पुढच्या गुरुवारी. लवकर सांगा.’ दोन दिवस झाले, उत्तर नाही. भाऊ म्हणतो, मेसेज उर्मट वाटतो. हाच मेसेज व्यावसायिक पद्धतीने कसा लिहायचा?

उत्तर : मी आधी कारखान्याच्या देखभाल विभागात होतो आणि आता पुरवठादारांच्या बाजूने काम करतो, त्यामुळे असे मेसेज मी घेतलेही आहेत आणि पाठवलेही आहेत. तुमच्या भावाचं म्हणणं खरं आहे, पण अर्धंच. नुसती भाषा मऊ करून तुम्ही तोच मेसेज पुन्हा पाठवलात, तरी बहुतेक उत्तर येणार नाही. ते का, हे आधी पाहू, कारण नवा मसुदा त्यातूनच तयार होतो.

मेसेज साहेबांच्या हातात पडतो तेव्हा काय होतं ते बघा. जूनमध्ये कारखान्यात ऑफ सीझनची कामं जोरात असतात. मिल उघडलेली असते, बॉयलरच्या नळ्यांचं काम चालू असतं, टर्बाइनवाल्यांची माणसं आलेली असतात. त्यात ‘पंप बघायचेत’. कारखान्यात पंप काही एक-दोन नसतात : इंजेक्शन पंप, रसाचे पंप, मळीचे पंप, बॉयलर फीड पंप. कुठला पंप, हे त्यांना कळत नाही. कळलंच, तरी तो पंप उघडलेला आहे का हे पंप हाऊसला विचारावं लागतं. उघडलेला नसेल तर इलेक्ट्रिकल विभागाकडून मोटरचा पुरवठा तोडून घ्यायचा, फिटर आणि चेन ब्लॉक द्यायचा, मग केसिंग उचलायचं. गेटवर तुमची नावं कळवायची. हे सगळं उद्या अकराच्या आत. त्यांना ‘हो’ म्हणता येत नाही, कारण तयारी नाही. ‘नाही’ही म्हणता येत नाही, कारण पंप तर दुरुस्त व्हायलाच हवेत. म्हणून ते ‘नंतर बघू’ म्हणून मेसेज बाजूला ठेवतात आणि संध्याकाळपर्यंत तो पन्नास मेसेजांच्या खाली जातो.

भाषेतलं खटकणं यानंतर येतं. ‘येतो’ या शब्दात तुम्ही ठरवून मोकळे झालात. वेळ त्यांचा आणि निर्णय तुमचा, असं झालं. ‘असाल ना?’ हे मित्राला चालतं, साहेबांना ती हजेरी घेतल्यासारखी वाटते. ‘लवकर सांगा’ यात घाई दिसते, पण घाई कशासाठी ते दिसत नाही. एकूण मेसेजमध्ये ‘सर’ सोडला तर समोरच्याची सोय विचारणारा एकही शब्द नाही.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी चार गोष्टी स्वतःशी पक्क्या करा. या भेटीतून तुम्हाला नेमकं काय घेऊन परत यायचं आहे? तुमच्या बाबतीत ते म्हणजे शाफ्ट, स्लीव्ह आणि इंपेलरची मापं, म्हणजे दरपत्रक देता येईल. त्याला किती वेळ लागेल? दोन पंपांना दोन तास धरा. कारखान्याने त्यासाठी काय तयार ठेवायला हवं? आणि उत्तर तुम्हाला कधीपर्यंत हवं, ते कशासाठी?

तारखा निवडतानाही थोडा विचार हवा. भोसरीच्या औद्योगिक भागात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, म्हणून तुम्हाला गुरुवार सोयीचा, हे मी समजू शकतो. पण कारखान्याची सुट्टी कोणत्या वारी आहे हे आधी त्यांच्या टाइम ऑफिसला किंवा गेटला फोन करून विचारून घ्या. साहेबांना हे विचारायचं नाही. आणि कारखाना बारामती, इंदापूर, अकलूज किंवा फलटण, माळशिरसच्या बाजूला असेल तर आषाढी वारीच्या दिवसांत पालख्या कोणत्या मुक्कामी आहेत तेही बघा. त्या काळात रस्ते वळवलेले असतात, आणि अकराची वेळ मागून तुम्ही दीडला पोहोचलात तर केसिंग उचलायला थांबलेला फिटर जेवायला गेलेला असतो.

आता मसुदा. समजा आज बुधवार, १० जून आहे. ईमेल असा जावा :

> विषय : इंजेक्शन पंप क्र. २ व ३ ची पाहणी : १६ किंवा १८ जून रोजी वेळ मिळण्याबाबत
>
> मा. मुख्य अभियंता साहेब,
> सप्रेम नमस्कार.
>
> आपल्या कारखान्यातील इंजेक्शन पंप क्र. २ व ३ च्या दुरुस्तीचे दरपत्रक देण्यापूर्वी दोन्ही पंपांची प्रत्यक्ष पाहणी करणे आवश्यक आहे. त्यासाठी पुढीलपैकी आपल्या सोयीची एक वेळ मिळावी, ही विनंती.
>
> मंगळवार, १६ जून, सकाळी ११ ते दुपारी १
> गुरुवार, १८ जून, सकाळी ११ ते दुपारी १
>
> त्या वेळी पंपांचे वरचे केसिंग उघडलेले असल्यास शाफ्ट, स्लीव्ह व इंपेलरची मापे त्याच दिवशी घेता येतील. पंप अद्याप उघडले नसतील, तर ते कधी उघडणार आहेत हे कळविल्यास आम्ही त्यानुसार येऊ.
>
> आमच्याकडून मी व एक फिटर असे दोघे येऊ. मोजमापाची साधने आम्ही आणू. गेटपाससाठी दोघांची नावे व वाहन क्रमांक खाली दिले आहेत.
>
> शाफ्ट किंवा इंपेलर नवा करावा लागल्यास आमच्याकडे साधारण आठ आठवडे लागतात. बॉयलर अग्निप्रदीपनापूर्वी पंप बसवून चाचणी व्हावी, यासाठी पाहणी याच महिन्यात झालेली बरी. शुक्रवार, १२ जूनपर्यंत कळविल्यास फिटरची वेळ राखून ठेवता येईल.
>
> कळावे,
> आपला विश्वासू,
> (नाव, पद, कंपनी, मोबाइल क्रमांक, फिटरचे नाव, वाहन क्रमांक)

हा मसुदा लांब वाटेल. पण साहेबांनी तो वाचून कुणाला काय सांगायचं आहे ते बघा. ते फक्त ‘मंगळवार चालेल’ एवढं लिहितील आणि हाच ईमेल पंप हाऊसच्या इनचार्जला पुढे पाठवतील. इनचार्जला त्यातून कळतं की कुठले दोन पंप उघडायचे. गेटला कळतं की कोण येणार. खरेदी विभागाला कळतं की दरपत्रक येणार आहे आणि काम किती दिवसांचं आहे. कुणालाही तुम्हाला किंवा साहेबांना फोन करून विचारावं लागत नाही. कारखान्यात, बँकेत, सरकारी कचेरीत, कुठेही तुमचा मेसेज ज्याला पाठवला त्याच्यापाशी थांबत नाही. तो पुढे जातो, आणि तुम्हाला न ओळखणारा माणूस तो वाचतो. त्या माणसाला तो पहिल्या वाचनात समजला पाहिजे. मी मसुदा तपासताना हीच कसोटी लावतो.

‘उद्या’ काढून ‘मंगळवार, १६ जून’ लिहिण्याचं कारणही हेच. मेसेज रात्री पाठवला आणि साहेबांनी सकाळी वाचला, किंवा दुसऱ्या दिवशी पुढे पाठवला, की ‘उद्या’ बदलतो. ‘पुढच्या गुरुवारी’ म्हणजे या आठवड्यातला की त्यानंतरचा, यावरून तर घरातल्या घरातही वाद होतात. वार आणि तारीख दोन्ही लिहा, आणि लिहिल्यावर कॅलेंडरशी पडताळून बघा. वार एक आणि तारीख दुसरीच, असं झालं तर समोरचा माणूस पुन्हा विचारत बसतो, किंवा न विचारता चुकीच्या दिवशी पंप उघडून ठेवतो. वेळेपुढे ‘सकाळी’, ‘दुपारी’ हवंच, आणि संपण्याची वेळही हवी. ‘११ ला येतो’ वाचणाऱ्याला भीती वाटते की दिवस गेला. ‘११ ते १’ वाचल्यावर त्याला आपलं जेवण आणि नंतरची मीटिंग दिसते, आणि हो म्हणणं सोपं जातं.

पर्याय दोन द्या, फार तर तीन. पुष्कळ लोक नम्रपणाने लिहितात की ‘आपल्या सोयीनुसार कधीही येऊ’. ऐकायला हे मोठ्या मनाचं वाटतं, पण त्यात सगळं काम समोरच्यावर ढकललेलं असतं. त्याने डायरी काढायची, दिवस शोधायचा, तुम्हाला विचारायचा. तो ते करत नाही. दोन नेमक्या वेळा समोर असल्या की निवड करणं सोपं, आणि दोन्ही जमत नसल्या तर तिसरी सुचवणंही सोपं.

आता भाषेकडे. मराठीत विनंती करायला फार ओझं लागत नाही, क्रियापदाचं रूप बदललं तरी पुरतं. ‘वेळ द्या’ ही मागणी झाली, ‘वेळ मिळावी’ ही विनंती. ‘लवकर सांगा’ ऐवजी ‘शुक्रवारपर्यंत कळविल्यास फिटरची वेळ राखून ठेवता येईल’ म्हटलं की त्यात मुदतही आली, कारणही आलं आणि समोरच्यावर दबावही आला नाही. ‘असाल ना?’ तर पूर्ण गाळलं तरी चालतं, कारण दोन वेळांमधून निवड मागितली की तो प्रश्न आपोआप विचारला जातो.

‘आपण’ वापरताना मात्र जपा. ‘आपण मंगळवारी पंप उघडू’ यात साहेब उघडणार की तुम्ही दोघे मिळून, हे कळत नाही, आणि जबाबदारी कुणाची इथेच घोटाळा होतो. मसुद्यात म्हणूनच ‘आम्ही आणू’, ‘आम्ही येऊ’ असं स्पष्ट ठेवलं आहे. आणखी एक : सुरुवातीला ‘आपल्या सोयीची वेळ’ आणि दोन ओळींनी ‘तुम्ही सांगा’, असं मिसळू नका. मजकूर दोन वेळा दोन मूडमध्ये लिहिल्यासारखा दिसतो.

दुसऱ्या टोकाला जाण्याचा मोह इथे फार होतो. माझ्याकडे पुरवठादारांची मुलं मसुदे दाखवायला आणतात, त्यात असं असतं : ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणास नम्रपणे कळविण्यात येते की, आपल्या अमूल्य वेळातील काही क्षण आम्हास देऊन उपकृत करावे, तसदीबद्दल क्षमस्व.’ पूर्ण वाक्य वाचून झालं तरी कुठला पंप आणि कुठला दिवस, हे कळलेलं नसतं. कारखान्याचा अभियंता हा कामाचा माणूस असतो. तुम्ही त्याला पंप क्रमांक, वेळ आणि लागणारी तयारी सांगितलीत, यातच त्याचा मान आहे. वर ‘सप्रेम नमस्कार’, एका ठिकाणी ‘ही विनंती’ आणि खाली ‘आपला विश्वासू’, एवढं बस्स.

घाईचं खरं कारण लिहायला लाजू नका. ‘अर्जंट आहे’ याला कारखान्यात कुणी विचारत नाही, कारण ऑफ सीझनमध्ये सगळ्यांचंच अर्जंट असतं. पण आठ आठवड्यांचा हिशेब आणि अग्निप्रदीपन हे शब्द वाचले की साहेब मनातल्या मनात जूनपासून मोजायला लागतात. ही घाई तुमची राहत नाही, कारखान्याची होते. अर्थात आकडा खरा हवा. चार आठवड्यांत होणारं काम आठ सांगितलंत तर एकदाच खपेल.

ईमेलची प्रत कुणाला द्यायची, हा नाजूक भाग आहे. चौकशीपत्र खरेदी विभागाकडून आलं असेल तर खरेदी अधिकाऱ्यांना प्रत जरूर द्या, आणि विषयाखाली त्या पत्राचा क्रमांक व दिनांक लिहा. कार्यकारी संचालकांना मात्र पहिल्याच ईमेलची प्रत देऊ नका. नुसत्या वेळेच्या विनंतीवर वरिष्ठांची प्रत दिसली की मुख्य अभियंत्यांना ती आपल्याविरुद्धची तक्रार वाटते. मग वेळ मिळेलही, पण पाहणीच्या दिवशी पंप हाऊसवर तुमच्याशी कुणी मोकळेपणाने बोलणार नाही. आणि पंप हंगामात कसा वागला, आवाज कधीपासून येत होता, ही माहिती तिथल्याच माणसांकडून मिळते.

तुमचे साहेब ईमेल क्वचित बघतात आणि व्हॉट्सॲपच वापरतात, असं असेल तर ईमेल पाठवाच, म्हणजे कागद राहतो, आणि व्हॉट्सॲपवर त्याचं छोटं रूप एकाच मेसेजमध्ये द्या. ‘नमस्कार सर’ एवढंच पाठवून उत्तराची वाट बघायची, मग दुसरा मेसेज, मग तिसरा, हे टाळा. स्क्रीनवर पहिली ओळच दिसते, म्हणून काम पहिल्या ओळीत यायला हवं. तुमचा जुना मेसेज त्याच खिडकीत वर दिसत असणार, त्याचीही एका वाक्यात दखल घ्या :

> नमस्कार साहेब. इंजेक्शन पंप क्र. २ व ३ च्या पाहणीसाठी वेळ मिळावी, ही विनंती. मागच्या मेसेजमध्ये मी फारच कमी अवधी दिला होता, तयारीला वेळ लागतो हे लक्षात घेऊन नवे दिवस सुचवत आहे : मंगळवार, १६ जून किंवा गुरुवार, १८ जून, सकाळी ११ ते दुपारी १. पंप उघडलेले असल्यास मापे त्याच दिवशी होतील. सविस्तर ईमेल पाठवला आहे. (नाव, कंपनी)

इथे यापेक्षा जास्त दिलगिरी नको. लांबलचक माफी मागितली की साहेबांना ‘अहो, त्यात काय’ असं समजावत बसावं लागतं आणि पंप बाजूला राहतात. खाली नाव आणि कंपनी लिहायला विसरू नका. तुमचा नंबर त्यांच्याकडे सेव्ह आहे असं धरून चालू नये, आणि पुढे पाठवलेल्या मेसेजवर पाठवणाऱ्याचं नाव राहत नाही.

शुक्रवार उलटला आणि उत्तर आलं नाही, तर प्रश्नचिन्ह किंवा ‘सर?’ टाकू नका. शनिवारी सकाळी त्यांच्या कार्यालयात फोन करा आणि साहेबांऐवजी क्लार्कला किंवा पंप हाऊस इनचार्जना विचारा की क्र. २ आणि ३ उघडले आहेत का. निम्म्या वेळा अडचण तिथे असते : पंप उघडलेलेच नसतात आणि त्यामुळे साहेब थांबलेले असतात. ते कळलं की मग लिहिता येतं : ‘पंप २२ तारखेपर्यंत उघडतील असे समजले. त्यानुसार मंगळवार, २३ जून, सकाळी ११ ते १ चालेल का?’ आठवण करून देणारा मेसेज नेहमी एखादी नवी माहिती घेऊन जावा, म्हणजे तो तगादा वाटत नाही.

‘मंगळवार चालेल’ असं उत्तर आलं की ‘ओके’ किंवा अंगठा पुरेसा नाही. एक ओळ परत लिहा : ‘धन्यवाद साहेब. मंगळवार, १६ जून, सकाळी ११ वाजता मी व फिटर पंप हाऊसवर पोहोचतो.’ इथे मात्र ‘पोहोचतो’ हेच रूप बरोबर, कारण वेळ त्यांनी दिली आहे आणि आता शब्द तुमचा आहे. तुमच्याकडूनच दिवस बदलायची वेळ आली तर आदल्या दिवशी दुपारच्या आत कळवा, म्हणजे फिटर दुसऱ्या कामाला लावता येतो. कारण एका वाक्यात द्या आणि त्याच मेसेजमध्ये नवे दोन दिवस सुचवा.

हे सगळं ऑफ सीझनसाठी आणि नव्या किंवा औपचारिक संबंधांसाठी. गाळप चालू असताना रात्री दोन वाजता पंप बसला आणि साहेबांनीच ‘लगेच या’ म्हणून फोन केला, तर ‘निघालो, पाचला गेटवर, दोघे आहोत’ हाच सगळ्यात चांगला मेसेज. तिथे सप्रेम नमस्कार लिहीत बसू नका. तसंच दोन-तीन हंगाम एकत्र काम केल्यावर साहेब स्वतः तुम्हाला ‘या मंगळवारी’ असं तुटक लिहायला लागतील. तेव्हा तुम्हीही छोटं लिहा, पण तारीख, वेळ आणि पंपाचा क्रमांक तेव्हाही गाळू नका.